जादा शुल्काचा परतावा : अर्ज लिहिण्याआधीचा हिशेब

*माझी मुलगी 2024-25 मध्ये केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, ईडब्ल्यूएस प्रवर्गातून, सोलापुरातल्या एका खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाली. "शिष्यवृत्ती आली की परत देऊ" असे सांगून त्यांनी पूर्ण 1,00,000 रुपये भरून घेतले. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे; पत्नीचे दागिने तारण ठेवून पैसे उभे केले. आता महाडीबीटीवर 86,600 रुपये मंजूर आणि त्यातला 43,300 रुपयांचा पहिला हप्ता संस्थेच्या खात्यात जमा झाल्याचे दिसते. दोनदा तोंडी विचारले, तर "पुढच्या वर्षात वळते करू" म्हणाले. मी अर्ज लिहिला आहे : "विषय : फी परत मिळणेबाबत. मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून माझ्या मुलीला शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे. तरी भरलेली संपूर्ण फी ताबडतोब परत करावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करावी लागेल." याची भाषा जरा वजनदार करून द्याल का? फार ताणले तर मुलीच्या अंतर्गत गुणांवर परिणाम होईल, अशीही भीती वाटते.*
*— एक पालक, सोलापूर*

सप्रेम नमस्कार.

मी बावीस वर्षे एका महाविद्यालयाच्या लेखा विभागात काम केले, त्यामुळे तुमच्यासारखे अर्ज मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने वाचलेले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की तुमच्या अर्जाला वजन हवे आहे हे खरे, पण ते शब्दांनी येणार नाही. लेखापालाच्या हातात असा अर्ज आला, की तो प्रथम किती रक्कम, कोणत्या शीर्षाखालची आणि कोणत्या पावतीची एवढेच शोधतो. तुमच्या मसुद्यात यांपैकी एकही गोष्ट नाही, आणि जी रक्कम मागितली आहे ती चुकीची आहे. चुकीची रक्कम मागणारा अर्ज बाजूला ठेवणे फार सोपे असते, कारण "ही मागणी नियमात बसत नाही" असा एक शेरा मारला की काम संपते आणि तो शेरा खोटाही नसतो.

म्हणून आधी पावती काढा आणि एक लाखाची फोड पाहा. तुम्ही पाठवलेल्या पावतीच्या छायाप्रतीनुसार शिक्षण शुल्क 84,000, विकास शुल्क 8,400, परीक्षा शुल्क 2,600, ग्रंथालय, जिमखाना, विमा वगैरे मिळून 3,000 आणि अनामत 2,000 रुपये आहे. तुमच्या मुलीला मिळालेली योजना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची आहे. या योजनेत पूर्वी निम्म्या शुल्काचा लाभ मिळत असे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या मुलींसाठी 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा लाभ शंभर टक्के झाला. मात्र "शंभर टक्के" हे शब्द या दोन शीर्षांपुरतेच आहेत. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून "मुलींना मोफत शिक्षण" एवढेच लोकांच्या डोक्यात राहिले आणि विकास शुल्क व इतर शुल्कही परत मिळेल असा समज पसरला. 84,000 आणि 2,600 मिळून 86,600 होतात, आणि तोच आकडा तुम्हाला पोर्टलवर दिसतो आहे. उरलेल्या 13,400 रुपयांपैकी 11,400 रुपये महाविद्यालयाचेच आहेत. राहिलेली 2,000 रुपयांची अनामत अभ्यासक्रम संपल्यावर परत मिळते. तिची पावती जपून ठेवा, पण या अर्जात तिचा उल्लेख करू नका.

दुसरा गैरसमज "मंजूर" या शब्दाभोवती आहे. मंजुरी म्हणजे शासनाने अर्ज मान्य केला. महाविद्यालयाच्या हातात पैसे आले असा तिचा अर्थ होत नाही. महाविद्यालय परत करण्यास बांधील होते ते पैसे प्रत्यक्ष आल्यावर, कारण त्याच क्षणी एकाच शिक्षण शुल्कापोटी त्यांच्याकडे दोन रकमा होतात, एक तुमची आणि एक शासनाची. तुमच्या बाबतीत हे आजच्या घडीला 43,300 रुपयांपुरतेच घडले आहे. आज मागायची रक्कम तेवढीच, आणि दुसऱ्या हप्त्याचे 43,300 रुपये जमा झाले की परत करावेत अशी नोंद याच अर्जात करून ठेवायची. यामुळे तुमची मागणी लहान दिसेल, असे तुम्हाला वाटेल. मला उलट वाटते. जी रक्कम महाविद्यालयाच्या बँक पुस्तकात दिसते आहे, तीच मागणाऱ्याला "अजून पैसे आले नाहीत" हे ठरलेले उत्तर देता येत नाही.

इतर वाचकांनी इथे एक काळजी घ्यावी. प्रत्येक योजनेत शुल्काची रक्कम संस्थेच्या खात्यातच जाते असे नाही. काही योजनांत तिचा काही भाग विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. आधारशी जोडलेले खाते म्हणजे हल्ली वापरात असलेले खाते असेलच असेही नाही. शाळेत असताना उघडलेले आणि विसरलेले खातेही असू शकते. मुलाचे पैसे महाविद्यालयाने दाबले म्हणून तणतणत आलेल्या एका पालकांना त्यांच्याच मुलाच्या जुन्या पासबुकात ते पैसे सापडल्याचे मी पाहिले आहे. आधारच्या संकेतस्थळावर `Bank Seeding Status` या पर्यायात सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते कळते. महाडीबीटीच्या `My Applied Scheme` या पानावर हप्ता कोणाच्या खात्यात दाखवला आहे हे पाहिल्याशिवाय अर्ज देऊ नये, आणि त्या पानाची छापील प्रत अर्जाला जोडावी.

आता तुमच्या मसुद्याकडे येतो. "फी परत मिळणेबाबत" हा विषय बदला. महाविद्यालयात फी परत मागणारे बहुतेक अर्ज प्रवेश रद्द करणाऱ्यांचे असतात. त्यांचे नियम वेगळे आहेत. ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केल्यास जास्तीत जास्त 1,000 रुपये प्रक्रिया शुल्क कापून बाकी रक्कम देण्याचा अभियांत्रिकीसाठीचा नियम त्यांच्यासाठी आहे. तुमच्या विषयात "शिष्यवृत्ती" हा शब्द नसेल, तर अर्ज प्रवेश विभागाच्या गठ्ठ्यात जाऊन पडेल आणि महिन्याभराने कोणीतरी "मुलगी कॉलेज सोडते आहे का?" असे विचारेल.

"अत्यंत गरीब कुटुंबातील" हे शब्दही मी काढीन. तुमची ओढाताण खोटी नाही, आणि तारण ठेवलेल्या दागिन्यांचे व्याज दर महिन्याला वाढते आहे हेही मला कळते. पण गरिबीचा उल्लेख आला की मागणीला मदतीच्या विनंतीचे रूप येते, आणि मदत करायची की नाही हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. एकाच शुल्कापोटी दोनदा जमा झालेली रक्कम परत मागायला परिस्थिती सांगावी लागत नाही. व्याजाची भरपाईही या अर्जात मागू नका. तो वादाचा मुद्दा आहे, आणि वादाचा एक मुद्दा निर्विवाद रकमेलाही सोबत अडकवून ठेवतो.

"अन्यथा कायदेशीर कारवाई" हे वाक्य पहिल्या अर्जात फार महागात पडते. ते वाचले की लिपिक तो कागद स्वतः हाताळत नाही. तो प्राचार्यांकडे, तिथून संस्थेच्या कार्यालयाकडे आणि तिथून वकिलांकडे जातो. जे काम लेखापालाच्या दोन सह्यांत झाले असते, त्याला दोन महिने लागतात. "ताबडतोब" हा शब्दही काढा, कारण त्याला तारीख नसते. त्याऐवजी कामकाजाचे 15 दिवस मागा. शेवटची गोष्ट सहीची : महाविद्यालयाची विद्यार्थिनी आणि शिष्यवृत्तीची अर्जदार तुमची मुलगी आहे, म्हणून अर्ज तिच्या नावाने आणि तिच्या सहीने जावा. पालक म्हणून तुम्ही खाली सही करा.

हे सगळे धरून मी मसुदा असा लिहीन :

*प्रति, मा. प्राचार्य यांस.*
*विषय : राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता संस्थेस प्राप्त झाल्याने सन 2024-25 मध्ये जादा जमा झालेले 43,300 रुपये परत मिळणेबाबत.*

*महोदय, मी आपल्या महाविद्यालयात सन 2024-25 मध्ये केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, ईडब्ल्यूएस प्रवर्गातून, प्रथम वर्षास प्रवेश घेतला असून सध्या द्वितीय वर्षात शिकत आहे. प्रवेशाच्या वेळी मी पावती क्रमांक ....., दिनांक ..... अन्वये 1,00,000 रुपये भरले. त्यात शिक्षण शुल्क 84,000 रुपये व परीक्षा शुल्क 2,600 रुपये यांचा समावेश आहे.*

*उपरोक्त शिष्यवृत्तीसाठीचा माझा महाडीबीटी अर्ज क्रमांक ..... असून त्यानुसार या दोन्ही शुल्कांपोटी 86,600 रुपये मंजूर झाले आहेत. त्यापैकी 43,300 रुपयांचा पहिला हप्ता दिनांक ..... रोजी संस्थेच्या खात्यात जमा झाल्याचे पोर्टलवर दिसते. हे शुल्क मी आधीच भरलेले असल्याने तेवढी रक्कम माझ्या खाती जादा जमा झाली आहे.*

*तरी ही 43,300 रुपयांची रक्कम अर्ज मिळाल्यापासून कामकाजाच्या 15 दिवसांत सोबत दिलेल्या बँक खात्यात परत करावी, तसेच दुसरा हप्ता प्राप्त झाल्यावर त्याचीही याप्रमाणे परतफेड करावी, ही विनंती. विकास शुल्क व इतर शुल्काबाबत माझी मागणी नाही. माझ्या विद्यार्थी खात्याचा सन 2024-25 चा उतारा मिळावा, अशीही विनंती आहे.*

*सोबत : शुल्क पावतीची प्रत, महाडीबीटी अर्जाच्या सद्यःस्थितीची प्रत, रद्द केलेला धनादेश.*

यातल्या दोन वाक्यांविषयी थोडे सांगायला हवे. "विकास शुल्क व इतर शुल्काबाबत माझी मागणी नाही" हे वाक्य तुम्हाला अनावश्यक वाटेल, पण आपल्याला नियम माहीत आहे हे ते एका ओळीत सांगते आणि समोरच्याचा पहिला आक्षेप आधीच मिटवते. उतारा मागण्याचे कारण वेगळे आहे. शासनाकडून अनेक विद्यार्थ्यांच्या रकमा येत असतात, आणि त्या संस्थेच्या खात्यात जमा होऊनही विद्यार्थ्याच्या खात्यावर चढवायच्या राहून जातात. प्रत्येक रक्कम यादीशी ताळा लावून ज्याच्या त्याच्या नावावर घ्यावी लागते, आणि हे काम बहुधा एकाच माणसाकडे असते. उताऱ्यात 43,300 ची जमा दिसत नसेल, तर कोणी पैसे दाबून बसलेले नाही, नोंद व्हायची राहिली आहे असे आधी समजावे. महाडीबीटीचा अर्ज क्रमांक मसुद्यात घातला आहे तो ताळा चटकन लागावा म्हणूनच. धनादेश कोणाचा जोडायचा हे लेखा विभागात आधी विचारून घ्या. शुल्क ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करण्याची काही ठिकाणी पद्धत असते, तर काही ठिकाणी विद्यार्थ्याचेच खाते लागते. ज्या वाचकांनी शुल्क शैक्षणिक कर्जातून भरले आहे, त्यांनी बँकेलाही कळवावे.

आता "पुढच्या वर्षात वळते करू" या उत्तराचे काय करायचे? तुमच्या पत्रातला खरा पेच मला इथे दिसतो, आणि तुम्ही त्यावर फारसे लिहिलेले नाही. वळते करणे मुळात वाईट नाही; दुसऱ्या वर्षाचे जे पैसे तुम्हाला द्यायचेच आहेत, ते आधी घेऊन पुन्हा भरण्यात काही हशील नाही. पण कशात वळते करणार, हे विचारायला हवे. दुसऱ्या वर्षाचे शुल्क तेवढेच आहे असे धरले, तर तुम्हाला द्यायचे फक्त विकास शुल्क 8,400 आणि इतर 3,000 असे 11,400 रुपये आहेत, कारण शिष्यवृत्तीचे नूतनीकरण झाले की शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पुन्हा शासन देणार आहे. 43,300 मधून 11,400 वजा केले तर 31,900 रुपये उरतात, आणि ते तुमच्या हातात यायला हवेत. महाविद्यालयाने मात्र संपूर्ण 43,300 रुपये दुसऱ्या वर्षाच्या शिक्षण शुल्कात वळते केले, तर जे शुल्क शासन भरणार आहे तेच तुमच्याकडून पुन्हा आगाऊ घेतल्यासारखे होईल. पुढच्या वर्षी हाच अर्ज पुन्हा लिहावा लागेल आणि चार वर्षे तुमचे पैसे तिथेच फिरत राहतील.

महाविद्यालयाचीही एक बाजू आहे. दुसऱ्या वर्षाचे नूतनीकरण अजून मंजूर नसते आणि एखाद्या मुलीचा अर्ज वेळेत भरला गेला नाही तर तिचे शुल्क कोणाकडून घ्यायचे, ही त्यांची चिंता खरी असते. तिला उत्तर म्हणून तुम्ही हमीपत्र देऊ शकता : नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत भरू, आणि आमच्या चुकीने तो नामंजूर झाला तर शिक्षण शुल्क आम्ही भरू. मी तुमच्या जागी असतो तर 11,400 रुपये वळते करण्यास लेखी संमती दिली असती, सोबत हमीपत्र जोडले असते आणि मसुद्यातल्या मागणीची रक्कम 31,900 केली असती. पण दागिने लवकर सोडवायचे असतील आणि दुसऱ्या वर्षाचे 11,400 रुपये भरण्याची वेगळी सोय असेल, तर पूर्ण रक्कम मागण्यातही काही चूक नाही. ते तुमच्या घरच्या हिशेबावर ठरेल.

अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. त्याच दिवशी महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवरही तो पाठवा, म्हणजे पोच द्यायला कोणी कचरले तरी तारीख राहते. तुम्ही दोनदा तोंडी विचारलेत, पण कागदावर ती दोन्ही वेळची विचारणा झालेलीच नाही. 15 दिवस मोजायचे ते या शिक्क्यापासून. मुदत उलटली तर पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक घालून चार ओळींचे स्मरणपत्र द्या, त्यात नवे काहीही लिहू नका.

त्यानंतरही उत्तर आले नाही, तर महाविद्यालयातच असलेल्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे या समितीने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. अभियांत्रिकीसाठी तंत्रशिक्षण संचालनालयाचे आपले विभागीय कार्यालय पुण्यात आहे. पहिला अर्ज, स्मरणपत्र आणि पोर्टलची प्रत जोडून त्यांना लिहिता येते. महाविद्यालय "आमच्याकडे पैसेच आले नाहीत" यावर अडून राहिले, तर संचालनालयाकडे माहितीचा अधिकार वापरावा. 10 रुपये शुल्क आणि उत्तराला 30 दिवस. खासगी महाविद्यालय आपल्याला हा कायदा लागू होत नाही म्हणू शकते, पण पैसे देणारे शासकीय कार्यालय तसे म्हणू शकत नाही. "अमुक अर्ज क्रमांकाचा पहिला हप्ता कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात जमा केला" एवढाच प्रश्न विचारा.

अंतर्गत गुणांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, पण तिचे माप मात्र ठरवू या. अंतर्गत गुण विषयाचे प्राध्यापक देतात आणि परतावा लेखा विभाग देतो. मी काम केले तिथे लेखा विभागातला वाद वर्गात पोहोचल्याचे मला आठवत नाही. वर दिलेला मसुदा वाचून कोणाला राग यावा असे त्यात काही नाही. तरीही मनात धाकधूक असेल तर पाठपुराव्याला मुलीला पाठवू नका, तुम्ही जा. अर्ज तिच्या सहीचा असला तरी "काय झाले?" असे विचारायला पालकांनी जाण्यात काही वावगे नाही. तिने फक्त चाचण्यांच्या उत्तरपत्रिका आणि प्रयोगवह्या तपासून मिळाल्या की जपून ठेवाव्यात.

पैसे खात्यात आले की उतारा पुन्हा एकदा मागून घ्या. परत केलेल्या 31,900 समोर "2024-25 शिष्यवृत्ती परतावा" आणि वळत्या केलेल्या 11,400 समोर "2025-26 विकास व इतर शुल्क" अशा दोन स्वतंत्र नोंदी त्यात दिसायला हव्यात. "ॲडजस्टमेंट" एवढीच एक ओळ दिसली, तर त्याच खिडकीवर उभे राहून ती दुरुस्त करून घ्या, कारण दुसरा हप्ता येईल तेव्हा त्या टेबलावर कदाचित दुसरा माणूस बसलेला असेल.